जाण्याची वाट आहे, पण येण्याची?



मागच्या अंकात आपण व्हीएलॅन म्हणजे काय ते पाहिलं. एकाच स्विचला जोडलेल्या यंत्रांचे वेगवेगळे गट, जणू एकाच वाड्यातली वेगवेगळी बिऱ्हाडं. त्यावर तुमच्याकडून जे प्रश्न आले त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: "लेयर थ्री स्विचवर डिफॉल्ट रूट घातलाय. स्विचवरून इंटरनेट पिंग होतं, पण संगणकावरून होत नाही. मग अडलंय कुठे?" आणि तिच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: "आम्हाला सगळ्या व्हीएलॅनना इंटरनेट द्यायचंच नाही, काहींनाच द्यायचंय. मग डिफॉल्ट रूट काहींनाच कसा द्यायचा?"

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रूट म्हणजे वाट कुठे जाते हे सांगणारी पाटी. त्या वाटेनं कोणी जावं आणि कोणी जाऊ नये, हे ठरवणं पाटीचं काम नाही. हा फरक एकदा नीट बसला की बाकीची मांडणी सोपी होते. आज एका उदाहरणावरून तो पाहू.

आपलं वसतिगृह

समजा, एका संस्थेचं विद्यार्थी वसतिगृह आहे. तळमजल्यावर कार्यालय, वर विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि अभ्यासिका, आणि जिन्यांवर, फाटकावर कॅमेरे. मध्ये एक लेयर थ्री स्विच आणि त्याच्यापुढे फायरवॉल. फायरवॉलच्या पलीकडे इंटरनेट देणाऱ्या कंपनीची तार. गट असे पाडले आहेत:

- व्हीएलॅन १०, कार्यालय: 10.20.10.0/24. इंटरनेट हवं.
- व्हीएलॅन २०, विद्यार्थी: 10.20.20.0/24. इंटरनेट हवं.
- व्हीएलॅन ४०, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर: 10.20.40.0/24. इंटरनेट नको.
- व्हीएलॅन २५५, स्विच आणि फायरवॉल यांच्यामधला दुवा: 10.20.255.0/30.

शेवटची ओळ महत्त्वाची. स्विच आणि फायरवॉल यांच्यामध्ये एक छोटं, स्वतंत्र जाळं ठेवलं आहे. /30 म्हणजे चार पत्ते, त्यातले वापरता येणारे दोनच: फायरवॉलला 10.20.255.1 आणि स्विचला 10.20.255.2. तिसऱ्या कुणाला तिथे जागाच नाही, आणि तेच बरं. या दुव्यावर विद्यार्थ्यांचे किंवा कार्यालयाचे संगणक बसवले तर वाटा गुंततात.

प्रत्येक व्हीएलॅनचा गेटवे मात्र स्विचवर आहे. विद्यार्थ्याच्या संगणकात गेटवे म्हणून 10.20.20.1 दिसतो, कार्यालयात 10.20.10.1, कॅमेऱ्यांमध्ये 10.20.40.1. हे तिन्ही पत्ते स्विचचेच. फायरवॉलचा पत्ता कुठल्याही संगणकात भरलेला नाही.

जाताना

आता अभ्यासिकेतल्या 10.20.20.15 या संगणकानं 8.8.8.8 ला पिंग केलं. पत्ता आपल्या गटाबाहेरचा आहे एवढं संगणकाला कळतं, म्हणून तो पॅकेट गेटवेकडे, म्हणजे स्विचकडे देतो. स्विच आपलं मार्गांचं कोष्टक पाहतो. त्यात १०, २०, ४० आणि २५५ हे चार गट आपोआप आलेले असतात, कारण ते थेट त्याच्या अंगाला लागून आहेत. 8.8.8.8 त्यातल्या एकातही बसत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो डिफॉल्ट रूट: बाकी कुठेच पाटी नसेल तर इकडे जा. सिस्कोच्या स्विचवर तो असा लिहितात:

```
ip routing
ip route 0.0.0.0 0.0.0.0 10.20.255.1
```

पहिली ओळ विसरू नका. ती नसेल तर स्विच गटागटांमध्ये पॅकेटं पोचवतच नाही. आणखी एक जुनी आज्ञा, `ip default-gateway`, अनेकांच्या सवयीत असते. ती साध्या स्विचसाठी आहे. `ip routing` चालू असताना तिचा उपयोग होत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये ती दिसते, म्हणून वाटतं की गेटवे दिलेला आहे, आणि प्रत्यक्षात डिफॉल्ट रूट नसतोच. `show ip route` मध्ये `S*` नं सुरू होणारी ओळ दिसली तरच आपण घातलेला डिफॉल्ट रूट चालू आहे असं समजा.

रूट आहे असं धरलं तर पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचलं. तिथे तीन गोष्टी घडाव्या लागतात. या पॅकेटला जाऊ द्यायचं की नाही, हे फायरवॉलची पॉलिसी ठरवते. मग नॅट होतं, म्हणजे 10.20.20.15 हा खासगी पत्ता काढून त्या जागी फायरवॉलचा सार्वजनिक पत्ता लावला जातो. १० नं सुरू होणारे हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, इंटरनेटवर त्यांना कुणी ओळखत नाही. आणि तिसरी गोष्ट, फायरवॉल आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते: अमुक पत्त्यावरून तमुक ठिकाणी विचारणा गेली आहे, उत्तर आलं तर त्याला द्यायचं.

येताना

उत्तर फायरवॉलच्या सार्वजनिक पत्त्यावर येतं. फायरवॉल नोंदवही उघडते आणि म्हणते, हे तर 10.20.20.15 चं. सार्वजनिक पत्ता काढून मूळचा पत्ता पुन्हा लावते. इथपर्यंत सगळं सुरळीत.

पण फाटकावरच्या पहारेकऱ्याला पत्र कुणाचं आहे हे कळलं, एवढ्यानं ते पोचत नाही. ती खोली कुठल्या जिन्यानं लागते हेही त्याला माहीत हवं. फायरवॉल आपलं कोष्टक पाहते. तिच्या अंगाला लागून दोनच जाळी आहेत: बाहेरच्या कंपनीकडचं आणि स्विचकडचं 10.20.255.0/30. 10.20.20.15 यातल्या एकातही नाही. म्हणजे उरला तिचा स्वतःचा डिफॉल्ट रूट, आणि तो बाहेर, इंटरनेटकडे जातो! आतल्या विद्यार्थ्याचं उत्तर पुन्हा बाहेरच्या दिशेनं ढकललं जातं, आणि खासगी पत्ता पाहून पुढे कुणीतरी ते टाकून देतं.

म्हणून फायरवॉलवर परतीचे रूट हवेत. फोर्टिगेटवर एक रूट असा दिसतो:

```
config router static
    edit 0
        set dst 10.20.20.0 255.255.255.0
        set gateway 10.20.255.2
        set device "port2"
    next
end
```

`port2` म्हणजे फायरवॉलचं स्विचकडे जाणारं पोर्ट. दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलवर पडदे वेगळे दिसतील, पण भरायच्या गोष्टी याच: कुठल्या जाळ्यासाठी, कुठल्या पत्त्याकडे, कुठल्या पोर्टातून. असाच एक रूट 10.20.10.0 साठी हवा.

स्विचला एक डिफॉल्ट रूट पुरतो आणि फायरवॉलला मात्र एकेका गटाचा रूट का सांगावा लागतो? कारण स्विचला बाहेरचं जग एकाच दिशेला आहे. फायरवॉलला मात्र दोन दिशा आहेत. "बाकी सगळं तिकडे" ही पाटी तिनं इंटरनेटसाठी वापरून टाकली. आत काय काय आहे ते तिला नाव घेऊनच सांगावं लागतं. एकाच पत्त्याला दोन पाट्या लागू पडत असतील तर अधिक नेमकी पाटी जिंकते, म्हणून 10.20.20.0/24 हा रूट 0.0.0.0/0 च्या आधी लागू होतो.

स्विचवरून होतं, संगणकावरून होत नाही

आता सुरुवातीची तक्रार उलगडते. स्विचवरून `ping 8.8.8.8` केलं की स्विच स्वतःचा कोणता पत्ता लावतो? ज्या दिशेनं पॅकेट बाहेर पडतं त्या दिशेचा, म्हणजे 10.20.255.2. हे जाळं फायरवॉलच्या अंगालाच लागून आहे. त्यासाठी परतीचा रूट लागत नाही, म्हणून उत्तर येतं. संगणकाचा पत्ता मात्र 10.20.20.15 आहे, तिथे रूट नाही, म्हणून उत्तर येत नाही. दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत, पण पहिलीनं परतीची वाट तपासलीच नाही.

खरी चाचणी करायची तर स्विचला विद्यार्थ्यांच्या गटातला पत्ता लावायला सांगा:

```
ping 8.8.8.8 source Vlan20
```

साधं पिंग यशस्वी आणि हे अयशस्वी, असं झालं तर स्विचचा डिफॉल्ट रूट आणि बाहेरची तार निर्दोष आहेत. दोष फायरवॉलवर आहे: परतीचा रूट, पॉलिसी किंवा नॅट, या तिघांपैकी एक.

तिघांतलं कोणतं, हे पॅकेट डोळ्यांनी पाहिलं की कळतं. फोर्टिगेटवर त्यासाठी ही आज्ञा आहे:

```
diagnose sniffer packet any 'host 8.8.8.8' 4
```

सगळं ठीक असेल तर एका पिंगच्या चार ओळी दिसायला हव्यात. थोडक्यात त्या अशा:

```
port2 in   10.20.20.15 -> 8.8.8.8
wan1  out  203.0.113.10 -> 8.8.8.8
wan1  in   8.8.8.8 -> 203.0.113.10
port2 out  8.8.8.8 -> 10.20.20.15
```

इथे 203.0.113.10 हा फायरवॉलचा सार्वजनिक पत्ता आहे असं धरलंय. आता ओळी वरून खाली वाचा आणि कुठे थांबतात ते पाहा. पहिलीच ओळ नसेल तर पॅकेट फायरवॉलपर्यंत आलेलंच नाही, स्विचकडे परत जा. दुसऱ्या ओळीत 203.0.113.10 ऐवजी 10.20.20.15 च दिसत असेल तर नॅट झालेलं नाही. तीन ओळी आल्या आणि चौथी नाही, तर परतीचा रूट नाही.

आणि पहिली ओळ येऊन तिथेच थांबली तर? दोन शक्यता. एक, पॉलिसीनं अडवलं. दुसरी थोडी गमतीची आहे. फोर्टिगेटसारख्या अनेक फायरवॉल पॅकेट आत घेतानाच उलट प्रश्न विचारतात: "ज्या पोर्टातून तू आलास, त्याच पोर्टातून तुझ्या पत्त्याकडे जायची वाट माझ्याकडे आहे का?" नसेल तर खोटा पत्ता लावून कुणी आलं असावं असं समजून पॅकेट दारातच टाकून देतात. म्हणजे परतीचा रूट नसेल तर अशा फायरवॉलवर उत्तर परत यायचा प्रश्नच येत नाही, मूळ पॅकेटच बाहेर पडत नाही. `diagnose debug flow` लावून पाहिलं तर पहिल्या शक्यतेत `Denied by forward policy check` असं लिहून येतं, आणि दुसऱ्या शक्यतेत `reverse path check fail, drop`. हा दुसरा संदेश दिसला की पॉलिसीत बदल करत बसू नका. रूट घाला.

कॅमेऱ्यांना इंटरनेट नको, ते कसं?

आता दुसरा प्रश्न. स्विचवरचा डिफॉल्ट रूट पॅकेट कुठे चाललंय एवढंच पाहतो, कुणाकडून आलंय ते पाहत नाही. त्यामुळे तो एकदा घातला की कॅमेऱ्यांची पॅकेटंही त्याच वाटेनं फायरवॉलच्या दारापर्यंत जाणार. "फक्त १० आणि २० साठी डिफॉल्ट रूट" असं एकाच कोष्टकात लिहिता येत नाही. मोठ्या ठिकाणी एकाच स्विचमध्ये वेगवेगळी कोष्टकं ठेवण्याची सोय वापरतात. आपल्या वसतिगृहाला तिची गरज नाही.

मग काही जण एक युक्ती करतात. फायरवॉलवर १० आणि २० चे परतीचे रूट घालतात आणि ४० चा मुद्दाम घालत नाहीत. कॅमेऱ्याचं इंटरनेट बंद पडतं, काम झालं असं वाटतं. ही युक्ती वापरू नये, आणि त्याची कारणं नीट समजून घ्यावीत.

पहिलं कारण: ही बंदी अर्धीच असते. फायरवॉल दारातच उलट तपासणी करणारी नसेल, आणि पॉलिसी "आतून सगळं जाऊ द्या" अशी सैल असेल, तर कॅमेऱ्याचं पॅकेट बाहेर जातंच. फक्त उत्तर परत येत नाही. वेबसाइट उघडायला दोन्हीकडून देवाणघेवाण लागते, म्हणून ती उघडत नाही. पण यूडीपी प्रकारच्या पॅकेटाला उत्तराची वाट पाहावी लागत नाही. ते एकतर्फी बाहेर जाऊ शकतं. मुलामुलींच्या जिन्यांवरचे कॅमेरे आहेत हे लक्षात घ्या. तिथे अर्धी बंदी चालणार नाही.

दुसरं कारण: ही बंदी कुठेच लिहिलेली नसते. वर्षभरानं दुसरा कुणी येतो, रूटांची यादी आखूड करावी म्हणून 10.20.0.0/16 असा एकच मोठा रूट घालतो, आणि कॅमेऱ्यांची बंदी त्याच क्षणी उठते. त्यानं चूक केली असंही म्हणता येत नाही, कारण रूटाच्या यादीत न लिहिलेला रूट वाचणार कसा?

तिसरं कारण: नोंद मिळत नाही. उलट तपासणीत पडलेली पॅकेटं रोजच्या वाहतुकीच्या नोंदीत बहुधा दिसत नाहीत. पॉलिसीनं अडवलेली मात्र दिसू शकतात. एखादा कॅमेरा रात्री दोन वाजता कुठल्या तरी परक्या पत्त्याशी बोलायला धडपडतोय, हे आपल्याला कळायला हवं ना?

म्हणून योग्य मांडणी अशी: परतीचे रूट तिन्ही गटांचे घाला, कॅमेऱ्यांचाही. आणि पॉलिसी लिहिताना "आतून सगळं" न लिहिता नावं घ्या: 10.20.10.0/24, 10.20.20.0/24 आणि स्विचच्या स्वतःच्या कामासाठी 10.20.255.2, एवढ्यांनाच बाहेर जायला परवानगी. त्याखाली कॅमेऱ्यांसाठी स्पष्ट नकाराची एक पॉलिसी, नोंद चालू ठेवून. पॉलिसीत न बसणारं सगळं फायरवॉल तसंही अडवतेच, पण लिहिलेला नकार पुढच्या माणसाला वाचता येतो. उद्या रेकॉर्डरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करायला अर्धा तास इंटरनेट लागलं, तर रेकॉर्डरच्या एका पत्त्यापुरती परवानगी द्यायची आणि काम झालं की काढून घ्यायची. रूटांना हात लावावा लागत नाही.

बंदीचा एक परिणाम आधीच ध्यानात घ्या. कॅमेरे वेळ लावून घेण्यासाठी इंटरनेटवरच्या घड्याळाला विचारतात. ते बंद झालं की कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू मागेपुढे होतात, आणि सहा महिन्यांनी एखादी घटना पाहायची वेळ आली की चित्रणावरची वेळ चुकलेली निघते. उपाय सोपा आहे. स्विच स्वतः बाहेरून वेळ घेतो आणि कॅमेऱ्यांना ती 10.20.40.1 या पत्त्यावरून देतो. बऱ्याच लेयर थ्री स्विचवर ही सोय असते. मघाशी स्विचच्या 10.20.255.2 ला परवानगी दिली, ती यासाठीच.

फायरवॉलला न दिसणारी वाट

इथपर्यंत आल्यावर वाटतं, कॅमेरे सुरक्षित झाले. पण एक मोठी वाट अजून उघडी आहे. विद्यार्थ्यांच्या गटातून कॅमेऱ्यांकडे जाणारं पॅकेट फायरवॉलकडे जातच नाही! दोन्ही गट स्विचच्या अंगाला लागून आहेत, स्विच ते पॅकेट परस्पर पोचवतो. फायरवॉलवर कितीही कडक पॉलिसी लिहा, तिच्यासमोर ते येतच नाही. वाड्यातल्या एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जायला फाटकावरून जावं लागत नाही, तसंच.

म्हणजे अभ्यासिकेतला कुणीही 10.20.40.x हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून कॅमेऱ्याच्या लॉगिनच्या पानापर्यंत पोचू शकतो, आणि पासवर्ड कारखान्यातून आलेलाच ठेवला असेल तर त्याच्याही पुढे. ही वाट स्विचवरच अडवायला हवी:

```
ip access-list extended STUDENT-IN
 deny ip any 10.20.10.0 0.0.0.255
 deny ip any 10.20.40.0 0.0.0.255
 permit ip any any
interface Vlan20
 ip access-group STUDENT-IN in
```

याचा अर्थ: विद्यार्थ्यांकडून स्विचमध्ये शिरणारं पॅकेट कार्यालयाकडे किंवा कॅमेऱ्यांकडे चाललं असेल तर अडवा, बाकी सगळं जाऊ द्या. ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली लागू पडते ती शेवटची ठरते. म्हणून कार्यालयातला एखादा प्रिंटर विद्यार्थ्यांना द्यायचा असेल तर त्याच्या परवानगीची ओळ `deny` च्या आधी हवी.

फायरवॉलकडे नोंदवही असते, या यादीकडे नसते. कार्यालयातून तुम्ही विद्यार्थ्याच्या संगणकाला पिंग केलं तर पॅकेट पोचेल, पण उत्तर कार्यालयाच्या दिशेनं चाललंय म्हणून ही यादी ते अडवेल. इथेही तोच धडा: जाणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचा विचार करावा लागतो.

गटागटांमधली वाहतूक फायरवॉलनंच तपासावी असं वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. कॅमेऱ्यांचा गेटवे स्विचवर न ठेवता थेट फायरवॉलवर ठेवायचा. पण मग स्विचवरचा 10.20.40.1 काढून टाकायचा. दोन्हीकडे एकाच गटात पाय ठेवला तर पॅकेट एका दारानं येतं आणि उत्तर दुसऱ्या दारानं जातं, आणि नोंदवही ठेवणारी फायरवॉल अशा वाहतुकीला अडवते. एक गट, एकच गेटवे.

मोठ्या पाटीचा भोवरा

शेवटी, मघाच्या त्या 10.20.0.0/16 या रूटाबद्दल. तो घालणं चुकीचं नाही, गट वीस-पंचवीस झाले की सोयीचंच आहे. पण त्याच्यासोबत एक काळजी घ्यावी लागते.

समजा, कुणीतरी 10.20.99.5 असा अस्तित्वात नसलेला पत्ता टाकला. स्विचकडे ९९ नावाचा गट नाही, म्हणून तो डिफॉल्ट रूटानं फायरवॉलकडे पाठवतो. फायरवॉल म्हणते, 10.20 नं सुरू होतंय, म्हणजे स्विचकडचं. ती परत पाठवते. स्विच पुन्हा फायरवॉलकडे. तुझं की माझं करत पॅकेट दोघांमध्ये फिरत राहतं. प्रत्येक पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो, तो प्रत्येक टप्प्याला एकानं कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. विंडोजवरून निघालेल्या पॅकेटात तो १२८ नं सुरू होतो, म्हणजे एकेक पॅकेट या दुव्यावर शंभराहून अधिक फेऱ्या मारू शकतं. काही फायरवॉल ज्या पोर्टातून आलं त्याच पोर्टातून परत पाठवायला नकार देतात, तिथे भोवरा होत नाही. पण त्यावर विसंबू नये. ओळखायची खूण सोपी: `tracert 10.20.99.5` केलं तर 10.20.20.1 नंतर 10.20.255.1 आणि स्विचचा पत्ता आलटून पालटून येत राहतात.

उपाय स्विचवर एका ओळीचा आहे:

```
ip route 10.20.0.0 255.255.0.0 Null0
```

10.20 मधलं जे माझ्याकडे नाही ते टाकून द्या, बाहेर पाठवू नका. १०, २०, ४० हे गट अधिक नेमके असल्यामुळे त्यांना याचा काही त्रास होत नाही. नेमकी पाटी जिंकते, हा नियम इथे आपल्या बाजूनं काम करतो.

हाती कागद घ्या

असं जाळं तपासायची वेळ आली तर आधी कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे जाताना: संगणकाचा गेटवे स्विच आहे का, स्विचवर डिफॉल्ट रूट आहे का, फायरवॉलची पॉलिसी या गटाचं नाव घेते का, नॅट त्याला लागू आहे का. उजवीकडे येताना: फायरवॉलवर या गटाचा परतीचा रूट आहे का, तो 10.20.255.2 कडेच बोट दाखवतो का. प्रत्येक गटासाठी दोन्ही रकाने भरा, कॅमेऱ्यांसाठीही. ज्या गटाला इंटरनेट द्यायचं नाही त्याचे रूट दोन्ही रकान्यांत दिसायला हवेत. फक्त पॉलिसीपुढे "नाही" असं लिहिलेलं असावं.

करून पाहायचं असेल तर सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरमध्ये एक लेयर थ्री स्विच, पुढे फायरवॉलच्या जागी एक राउटर आणि तीन गट मांडा. राउटरवर आधी डिफॉल्ट रूट तेवढा घाला, परतीचे रूट घालू नका, आणि सिम्युलेशन लावून पाकीट कुठवर जातं ते पाहा. मग एकेक परतीचा रूट घाला. कोणत्या ओळीनं कोणतं पाकीट घरी आलं, हे डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरणार नाही.

पुढच्या अंकात भेटू, तेव्हा एकाऐवजी दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेतलं तर फायरवॉलवरच्या त्या एका डिफॉल्ट रूटाचं काय होतं ते पाहू. तोवर तुमचे प्रश्न पाठवत राहा.